सणासुदीसाठी मंजूर पोस्टींची बेगमी किती ठेवावी? (गणपतीत आमची रांग रिकामी झाली)

मलप्रभाकाठ

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या आम्ही सहा जणी-जणांनी मिळून एक संकेतस्थळ चालवलंय. रोज सकाळी सात वाजता एक पोस्ट. कधी जुना शब्द, कधी एखाद्या देवळाची माहिती, कधी कुणाच्या घरातला जुना फोटो आणि त्यामागची गोष्ट. लिहिणारे चौघे, तपासून मंजुरी देणाऱ्या दोघी. तपासल्याशिवाय काहीही जाऊ द्यायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळलाय, कारण गावाचं नाव किंवा घराण्याची माहिती चुकली तर लोक दुखावतात.

2025 च्या गणपतीत काय झालं ते सांगते. चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आमच्याकडे सजावट, बाजार, पाहुणे हे सगळं त्याआधीच सुरू होतं, त्यामुळे 24 तारखेपासून कुणी लॅपटॉप उघडला नाही. अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही परत कामाला लागलो ते 9 तारखेला.

सुट्टीआधी मी यादी मोजली होती, 34 पोस्टी होत्या. निश्चिंत झाले. पण 2 सप्टेंबरला, गौरी विसर्जनाच्या दिवशी, सकाळी सातला काहीच आलं नाही. नंतर बघितलं तर 34 मधल्या फक्त 9 मंजूर होत्या. 11 पोस्टींतल्या फोटोंना घरच्यांची परवानगी यायची होती, 8 तपासणीत अडकल्या होत्या आणि 6 पोस्टी श्रावणातल्या होत्या, त्यांची वेळच निघून गेलेली. परत आल्यावर पहिली पोस्ट मंजूर होऊन लागायला आणखी चार दिवस गेले. म्हणजे 2 ते 12 सप्टेंबर, अकरा दिवस पान कोरं. एका आजींनी नातवाकडून विचारायला लावलं, "बंद केलंत काय गं?" ते ऐकून फार वाईट वाटलं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून किती साठा ठेवावा? कसा मोजावा?

निपाणीकर_दादा

ताई, सोपं आहे की. आमच्याकडं जत्रेच्या आधी आम्ही चाळीस-पन्नास लिहून ठेवतो आणि विषय संपतो. जास्त लिहून ठेवा, एवढंच. मनुष्यबळ आहे तुमच्याकडं.

जुना_उपसंपादक

दादांचं अर्धं बरोबर आहे. साठा लागतोच. पण ताईंकडे 34 होत्याच की, चाळीस असत्या तरी हीच गत झाली असती. लिहिलेली पोस्ट म्हणजे साठा नव्हे. मी बेळगावात बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. तिथे राखीव मजकूर म्हणजे ज्याला रात्री दोन वाजता कुणालाही फोन न करता पानात टाकता येईल असा. फोटो आहे, परवानगी आहे, मथळा आहे, नावं तपासलेली आहेत. यातलं एक जरी राहिलं असेल तर तो मजकूर राखीव नाही, तो कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं काम आहे.

दुसरं म्हणजे पोस्टी मोजू नका, दिवस मोजा. "आज सगळे गावाला गेले तर कोणत्या तारखेपर्यंत पान चालेल?" एवढा एकच प्रश्न. 24 ऑगस्टला तुमचं खरं उत्तर होतं "1 सप्टेंबरपर्यंत". हे उत्तर तेव्हा समोर लिहिलेलं असतं तर सणाआधी कुणीतरी रात्र जागवली असती.

आता किती लागतात ते तुमच्याच आकड्यांतून बघू. 24 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर तुमची माणसं नाहीत, म्हणजे 16 दिवस. परत आल्यावर पहिली नवी पोस्ट तयार व्हायला चार दिवस. हे चार दिवस सगळे विसरतात. सुट्टी संपली म्हणजे रांग भरली असं होत नाही, चूल पेटवून भात शिजेपर्यंतचा वेळ असतोच. 16 आणि 4 मिळून 20. रोज एक म्हणजे 20 मंजूर पोस्टी. तुमच्याकडे 9 होत्या, कमी पडल्या 11. कोरे दिवसही तेवढेच निघाले.

मलप्रभाकाठ

काका, हे वाचून अंगावर काटा आला. अगदी तंतोतंत. आम्ही "किती झाल्या" एवढंच विचारत राहिलो.

पण 20 जमवायच्या कशा? आमच्या आठवड्याला जेमतेम आठ-नऊ मंजूर होतात आणि सात खर्च होतात.

जुना_उपसंपादक

मग आठवड्याला फार तर दोन शिल्लक पडतात. 20 जमायला दहा आठवडे. गणपती ऑगस्टच्या शेवटी असेल तर जूनच्या मध्यापासून सुरुवात करायला हवी. मृगाच्या आसपास गणपतीचा विचार करायला कुणाला सुचत नाही, म्हणून तर दरवर्षी पंचाईत होते.

खरा खड्डा पुढे आहे. 2025 चंच बघा. तुम्ही 9 सप्टेंबरला परत आलात, घटस्थापना 22 ला, दसरा 2 ऑक्टोबरला, आणि वसुबारस 17 ला. मध्ये सलग दहा आठवडे कुठे आहेत? एकदा साठा संपला की दिवाळीपर्यंत तो पुन्हा उभा राहत नाही. म्हणून गणपती, दसरा, दिवाळी हे तीन सण वेगळे न धरता एकच लांब उतार धरा.

संध्या_येळ्ळूर

मी सांगते बघा सणाच्या दिवसांत काय टाकायचं. गणपतीत आरत्या, उकडीचे मोदक, गौरीची पाच भाज्यांची भाजी. दसऱ्याला आपट्याच्या पानाची माहिती. दिवाळीत किल्ले! येळ्ळूरच्या राजहंसगडाची प्रतिकृती आमच्या गल्लीत पोरं दरवर्षी करतात, त्याचे फोटो. रोज शुभेच्छा टाकल्या तरी लोकांना आवडतं. विषय कमी पडणार नाहीत.

मलप्रभाकाठ

संध्याताई, विषय छान आहेत, किल्ल्यांचे फोटो तर नक्की मागेन. पण अडचण विषयांची नाही. लिहून झालेलं मंजूर होत नाही आणि सुट्टीत मंजूर करणारं कुणी नसतं, तिथे अडतंय.

जुना_उपसंपादक

संध्याताईंच्या सूचनेत एक गोष्ट कामाची आहे, ती सोडू नका. मोदकाची पोस्ट 27 ऑगस्टलाच जाणार, 3 सप्टेंबरला तिचा उपयोग नाही. अशा तारखेला बांधलेल्या पोस्टी साठ्यात मोजायच्या नाहीत. त्या ज्या दिवसाच्या आहेत तेवढा दिवस झाकतात आणि उरल्या तर वाया जातात. तुमच्या श्रावणातल्या सहा तशाच गेल्या. साठ्यात मोजायची ती हलशीच्या भूवराह नरसिंह देवळाची पोस्ट, जी जूनमध्ये गेली काय आणि डिसेंबरमध्ये गेली काय, सारखीच.

मी वहीत दोन रकाने ठेवायचो. एकात तारखेच्या, एकात बिनतारखेच्या. फक्त बिनतारखेच्या रकान्याची बेरीज म्हणजे बेगमी.

चंदगडी

एक विचारू का? मंजुरी देणाऱ्या दोघीही खानापूरच्याच आहेत का?

आमचं चंदगड महाराष्ट्रात, माझी बहीण बेळगावात. तिच्या मुलांना दसऱ्याला लांब सुट्टी, आमच्या मुलांना दिवाळीला. वीस-पंचवीस मैलांवर राहून दोघींची माहेरी यायची वेळ जुळत नाही. आम्हाला हा त्रासच वाटतो, पण तुमच्या कामात याचा फायदा होईल. तपासणारी एक कर्नाटकातली, एक महाराष्ट्रातली ठेवा. दसऱ्यात एक गावाला असेल तर दुसरी घरी असेल.

मलप्रभाकाठ

हे कधी सुचलंच नव्हतं! दोघी इथल्याच आहेत. एक तर सरकारी शाळेत शिक्षिका. तिला दसऱ्याची सुट्टी आहे म्हणून आम्ही खूश होतो, की आता तपासणी भराभर होईल. झालं उलटंच. 2025 मध्ये सुट्टीतच शिक्षकांना राज्याच्या सर्वेक्षणाचं काम आलं, ते लांबलं आणि शाळांची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढली. बिचारी दिवसभर घरोघर फिरून यायची. रात्री तिला आमचा मजकूर तपास म्हणायला जीभ रेटायची नाही. गणपतीत 11 आणि दसऱ्यात आणखी 5 दिवस असेच गेले.

जुना_उपसंपादक

सुट्टी म्हणजे मोकळा वेळ, असं धरू नका. शिक्षक, बँकवाले, वायरमन, सगळ्यांचं हेच. माणूस सुट्टीत "असेल" यावर साठा उभा करायचा नाही. चंदगडींची सूचना मला फार आवडली, पण ती आडवेळेसाठी ठेवा. सणाच्या आधी शेवटच्या दिवशी पूर्ण 20 मंजूर असल्याच पाहिजेत.

सर्व्हर_आणि_शेती

सगळी चर्चा वाचली. एक तांत्रिक गोष्ट राहिली आहे. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे का? असेल तर रांग भरलेली असूनही सणाच्या दिवशी पोस्ट सातला जाणार नाही असं होऊ शकतं.

मलप्रभाकाठ

हो, वर्डप्रेसच. आणि हो! 28 ऑगस्टची पोस्ट साडेदहाला गेली होती. मी समजले की मीच वेळ चुकीची टाकली.

सर्व्हर_आणि_शेती

वेळ बहुतेक बरोबरच असेल. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नसतं. कुणीतरी पान उघडलं की ते त्या निमित्ताने जागं होतं आणि "आता काही लावायचं राहिलंय का" हे बघतं. एरवी सकाळी सातला तुमचे वाचक येतात, म्हणून वेळेवर जातं. ऋषिपंचमीच्या सकाळी सगळे घरच्या गडबडीत, कुणी फिरकलं नाही. साडेदहाला पहिला माणूस आला तेव्हा पोस्ट बाहेर पडली. वर जर पानं साठवून झटपट दाखवणारं प्लगइन असेल तर आणखी अवघड, कारण माणूस आला तरी त्याला साठवलेलं पान मिळतं आणि वर्डप्रेस झोपलेलंच राहतं. पोस्टींच्या यादीत लाल अक्षरात `Missed schedule` दिसलं तर हाच प्रकार समजा.

उपाय असा. `wp-config.php` मध्ये ही ओळ टाका, "stop editing" लिहिलेल्या ओळीच्या वर:

```
define('DISABLE_WP_CRON', true);
```

आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये क्रॉन जॉब म्हणून हे, पत्ता तुमचा घालून:

```
*/5 * * * * wget -q -O /dev/null https://example.com/wp-cron.php?doing_wp_cron
```

आता वाचक येवो न येवो, दर पाच मिनिटांनी ते जागं होईल. दोन्ही गोष्टी करा. फक्त पहिली केली आणि दुसरी विसरलात तर वेळ लावलेली एकही पोस्ट जाणार नाही. म्हणून सणाच्या निदान आठवडाभर आधी करा आणि दहा मिनिटांनंतरची वेळ देऊन एक पोस्ट लावून बघा, तेवढ्या वेळात स्वतः पान उघडू नका. सेटिंगमध्ये वेळेसाठी `Kolkata` निवडलंय ना तेही पाहा. तिथे `UTC` राहिलं असेल तर सातची पोस्ट दुपारी साडेबाराला जाते.

निपाणीकर_दादा

माझा एक अनुभव सांगायलाच पाहिजे. आधी "विषय संपतो" म्हटलो ते मागं घेतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही अशीच पंधरा दिवसांची रांग लावून ठेवली होती. आमच्या भागातून वेदगंगा, दूधगंगा जातात, पुढं कृष्णा. त्या वर्षी पूर कसा आला ते सगळ्यांनी बघितलंय. गावंच्या गावं पाण्यात, लोकं शाळांत राहाय गेलेली, जनावरं सोडून दिलेली. आणि एका सकाळी आमच्या पानावर आपोआप पोस्ट गेली, "नदीकाठी पावसाळी सहलीची पाच ठिकाणं". मी स्वतः तेव्हा लोकांना चादरी पोचवाय गेलो होतो, फोनला रेंज नव्हती. दुपारी बघितलं. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते योग्यच होतं. आजही आठवलं की झोप येत नाही.

तर ताई, रांग भरा, पण ती थांबवायची कशी हेही सगळ्यांना माहीत असू दे. माझ्याशिवाय कुणाकडं पासवर्ड नव्हता, ही माझी चूक.

जुना_उपसंपादक

दादा, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, फार बरं केलंत.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. रांग थांबवायचा अधिकार निदान तिघांकडे हवा आणि त्यातला एक जण तरी नेटवर्क असलेल्या गावात हवा. थांबवायचं म्हणजे पोस्ट पुसायची नाही. वेळ लावलेल्या पोस्टी उघडून परत मसुदा करायच्या. वीस पोस्टी एकेक उघडत बसायला नको, यादीत सगळ्यांवर खूण करून `Bulk actions` मधून एकदम स्थिती बदलता येते. सणाआधी प्रत्येकाने एकदा हे हाताने करून बघावं.

दुसरं, मंजुरीलाही मुदत असते. नदी, घाट, रस्ता, धबधबा असलेली पोस्ट मे महिन्यात मंजूर झाली म्हणून ऑगस्टमध्ये जाऊ द्यायची नाही. चोर्ला घाटाच्या पोस्टीत "रस्ता चांगला आहे" हे एक वाक्य पावसाळ्यात कुणाला अडचणीत टाकू शकतं. पावसाळी सणांच्या रांगेत पाण्याचा आणि रस्त्याचा विषयच नको. आंबोळ्या, जुनी नाणी, ओव्या, कुंभारकाम, देवळांची शिल्पं हे ठेवा.

चंदगडी

रोज एकच पोस्ट हवी हा हट्ट का पण? सणाच्या वीस दिवसांत दिवसाआड टाकली तर दहाच लागतील. आधी सांगून ठेवायचं, "गणपतीत दिवसाआड भेटू". त्या आजींना कळलं असतं तर त्यांनी विचारलं नसतं.

जुना_उपसंपादक

हे चालेल, आणि पहिल्या वर्षी तर हेच करा. मला स्वतःला पटत नाही, कारण रोजची सवय एकदा मोडली की वाचक परत बसायला वेळ लागतो. पण दहा तपासलेल्या पोस्टी वीस घाईच्या पोस्टींपेक्षा बऱ्या. सण तोंडावर आला की तपासणारी डोळे झाकून मंजुरी देते, ते फार वाईट.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली. ठरलेलं सांगते.

यादीत आता तीन रकाने केलेत, "लिहिलेली", "तपासलेली पण काहीतरी बाकी" आणि "उद्या लावली तरी चालेल". व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सोमवारी तिसऱ्या रकान्यातल्या बिनतारखेच्या पोस्टी मोजून एकच ओळ जाणार, "आपण अमुक तारखेपर्यंत चालू". ती तारीख दहा दिवसांच्या आत आली तर नवीन लिखाण थांबवून सगळ्यांनी अडकलेलं सोडवायचं. हे मोजल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, सगळ्यात जास्त पोस्टी फोटोच्या परवानगीसाठी अडतात. म्हणून आता फोटो घ्यायला जातानाच घरच्यांना मजकूर काय असेल ते सांगून, कागदावर होकार घेऊन यायचं.

क्रॉनचं काम सर्व्हरदादांच्या सांगण्याप्रमाणे झालं. चाचणीची पोस्ट वेळेवर गेली. तपासायला चंदगडच्या बाजूची एक ताई तयार आहेत. त्यांनी शब्द, म्हणी, पाककृती तपासायच्या हे ठरलं, पण इथल्या देवळांच्या आणि घराण्यांच्या पोस्टी त्यांनी मंजूर कराव्यात का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझ्या मते करू नयेत, कारण ओळखीची माणसं असल्याशिवाय नावांची खात्री होत नाही. पण मग ऐन सणात देवळांची पोस्ट अडली तर ती अडलीच.

आणि एक गोष्ट ठरवता आली नाही. 1 नोव्हेंबर. इथे त्या दिवशी एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, एकीकडे मराठी माणसांचा काळा दिन, सगळ्यांचीच मनं हळवी असतात. 2024 मध्ये तर लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी होतं. त्या दिवशी आपोआप पोस्ट जाऊ द्यावी का?

निपाणीकर_दादा

माझं मत, 31 ते 2 रांगेत काही लावूच नका. ज्याला वाटंल त्यानं त्या सकाळी परिस्थिती बघून हातानं टाकावं.

संध्या_येळ्ळूर

मला नाही पटत. त्या दिवशीच रिकामं ठेवलं तर लोक त्याचाही अर्थ काढतील. एखादी ओवी किंवा जुनी पाककृती गेली तर कुणाचं काय बिघडतं?

जुना_उपसंपादक

डेस्कवर आम्ही त्या दिवशी राखीव मजकूर वापरत नसू, सगळं त्याच दिवशी वाचून लावायचो. पण आम्ही पगारी वीस माणसं होतो. तुम्ही सहा आहात. तुमच्यातलं कोण त्या सकाळी सहाला उठून बघू शकेल, त्यावर ठरवा.

मलप्रभाकाठ

सहाला मी उठते. पण दिवाळीच्या पहाटे असेल तर घरात अभ्यंगस्नान चालू असतं. बघते, पुढच्या सोमवारच्या ओळीसोबत ग्रुपवर विचारते. आजची ओळ ही: आपण पुढचे 13 दिवस चालू.